अर्ध्या वाटेवर थांबणारी स्पर्शिका

माझे गणिताचे शिक्षण बारावीपाशी थांबले. पुढचे जे काही आले ते जुनी पाठ्यपुस्तके आणि एक साधा कॅल्क्युलेटर यांच्या संगतीत. समीकरणे सोडवण्याची न्यूटन-रॅफसन रीत मी अशीच शिकलो. पहिल्या काही उदाहरणांत उत्तर झरझर आले, आणि मग एका समीकरणापाशी रीत अक्षरशः रांगू लागली. दोन रात्री मी माझी चूक शोधत बसलो. चूक नव्हतीच.

रीत सोपी आहे. उत्तराचा एक अंदाज घ्यायचा, तिथे वक्राला स्पर्शिका काढायची, आणि ती आडव्या अक्षाला जिथे छेदेल तो बिंदू पुढचा अंदाज मानायचा. सूत्रात:

x(नवा) = x − f(x)/f′(x)

माझे समीकरण होते x³ − 3x + 2 = 0. त्याचे अवयव (x − 1)²(x + 2). म्हणजे −२ हे साधे मूळ आणि १ हे दुहेरी. दोन्ही मुळांपासून बरोबर एक अंतरावरून निघून पाहू. −३ पासून निघालो तर अंदाज येतात −२.३३३३, −२.०५५६, −२.००१९, −२.०००००२५. चार पावलांत काम झाले. शेवटी शेवटी बरोबर अंकांची संख्या दर पावलाला साधारण दुप्पट होते. आता २ पासून निघू: १.५५५६, १.२९७९, १.१५५४, १.०७९६, १.०४०३. इथे चूक दर पावलाला जेमतेम निम्मी होते. पहिल्याइतकी अचूकता मिळायला सुमारे १९ पावले लागतात. दर पावलाला चुकीचा ठरावीक हिस्साच कमी होणे, यालाच रेषीय अभिसरण म्हणतात.

कारण वक्राच्या आकारात आहे. साध्या मुळापाशी वक्र अक्षाला आरपार छेदतो. जवळून पाहिले तर तो जवळजवळ सरळ रेषाच दिसतो, म्हणून स्पर्शिका नेमकी मुळापाशी उतरते. दुहेरी मुळापाशी वक्र वाटीच्या बुडासारखा अक्षाला टेकतो आणि परत फिरतो. मुळापासूनचे अंतर e धरले, तर तिथे वक्राची उंची साधारण 3e² आणि चढ 6e. त्यांचा भागाकार e/2. जायचे होते e, पाऊल पडले अर्धे! मूळ m वेळा आले असेल, तर याच हिशेबाने पाऊल e/m इतके पडते आणि चुकीचा (1 − 1/m) हिस्सा दरवेळी मागे उरतो. तिहेरी मुळापाशी दोन तृतीयांश चूक तशीच राहते.

दोष असा नेमका कळला की उपायही त्यातच सापडतो. पाऊल m पटीने तोकडे पडते, तर ते m पट टाकावे. जर्मन गणिती एर्न्स्ट श्र्योडर यांच्या १८७० च्या निबंधात ही सुधारणा आहे:

x(नवा) = x − m·f(x)/f′(x)

m = 2 घेऊन २ पासून पुन्हा निघालो. १.११११, १.००१९५, १.००००००६३. तीन पावले! हरवलेला वेग परत आला.

पण m आधी कसा कळावा? साध्या रीतीच्या पावलांकडे पाहावे. माझी शेवटची दोन पावले ०.०७५८ आणि ०.०३९३ होती. त्यांचे गुणोत्तर r सुमारे ०.५२, आणि 1/(1 − r) येते सुमारे २.१, म्हणजे m = 2. चुकीचा m मात्र महागात पडतो. साध्या मुळापाशी दुप्पट पाऊल टाकले तर आपण मूळ ओलांडून पलीकडे जातो. −३ पासून −१.६७, −२.५६, −१.७१ असे हेलकावे सुरू होतात. m ठाऊकच नसेल, तर f ऐवजी u = f/f′ या फलाला मूळ रीत लावावी. f चे मूळ कितीही वेळा आलेले असो, u चे ते साधेच मूळ असते. सूत्र मग असे होते:

x(नवा) = x − f·f′/(f′² − f·f″)

किंमत इतकीच, की दुसरा विकलजही काढावा लागतो.

एक मर्यादा मात्र कोणत्याही सूत्राने हटत नाही. १.०००३ ला f ची किंमत सुमारे ०.००००००२७ येते. ती पाहून ‘शून्यच झाले’ म्हणून थांबलो, तर उत्तर चौथ्या दशांश स्थळीच चुकलेले असते. १६ अंक सांभाळणाऱ्या यंत्रावरही दुहेरी मुळाच्या साधारण ८ अंकांवरच भरवसा ठेवता येतो. त्यापुढे f आणि f′ दोन्ही शून्यालगत जातात आणि भागाकारात उरते ती निव्वळ अंक तोडल्याची खरखर. शिवाय समीकरणातला २ हा आकडा मोजमापातून आला असेल आणि १.९९९९९९ निघाला, तर दुहेरी मूळ फुटून १ च्या दोन्ही बाजूंना सुमारे ०.०००६ अंतरावर दोन मुळे होतात. तोच २.०००००१ निघाला, तर तिथे वास्तव मूळ उरतच नाही. म्हणून रीत रांगताना दिसली की आता मी आधी पावलांचे गुणोत्तर पाहतो, आणि मग समीकरणातले आकडे कुठून आले ते तपासतो.