जकरियांची प्रार्थना आणि अरबी वाक्याचं शास्त्र

कुराणाच्या एकोणिसाव्या अध्यायाची, म्हणजे सूरह मरयमची सुरुवात एका म्हाताऱ्या माणसाच्या प्रार्थनेने होते. पैगंबर जकरिया निपुत्रिक आहेत, हाडं खिळखिळी झाली आहेत. हलक्या आवाजात ते देवाकडे वारस मागतात आणि आपलं वय सांगताना म्हणतात, की डोकं पांढऱ्या केसांनी पेटलं आहे. अरबीत एवढं सगळं मोजक्या तीन शब्दांत येतं.

अब्दुल काहिर अल-जुर्जानी हा 11व्या शतकातला व्याकरणकार, आजच्या उत्तर इराणातल्या जुर्जानचा. ‘दलाइल अल-इजाज’ या ग्रंथात तो या तीन शब्दांपाशी बराच वेळ थांबला. त्याची तक्रार अशी, की लोक यातलं रूपक तेवढं पाहतात, पांढरेपणाला आगीची उपमा दिली म्हणून वाखाणतात आणि पुढे जातात. खरी ताकद वाक्याच्या रचनेत आहे. पसरतो तो पांढरेपणा, पण वाक्याचा कर्ता केलंय डोक्याला; पांढरेपणा मागून, खुलासा म्हणून येतो. जुर्जानीने घराचा दाखला दिला. ‘घरात आग लागली’ म्हटलं, तर ती एखाद्या कोपऱ्यातही असू शकते. ‘घर आगीने पेटलं’ म्हटलं, की घराचा कोणताच भाग सुटत नाही. तसंच इथे एकही काळा केस उरलेला नाही. शिवाय अरबीत ‘माझं’ हा शब्दही गाळला आहे, आणि त्यानेही वाक्याला धार आली आहे, असं तो दाखवून देतो.

अरबी वक्तृत्वशास्त्राच्या, म्हणजे बलागतच्या, पहिल्या दोन शाखा या एका वाक्यात शेजारी शेजारी दिसतात. शब्द आधी की नंतर, कर्ता कोण, काय गाळलं, काय ठासून सांगितलं, आणि हे सारं प्रसंगाला साजेसं आहे का, हे पाहणारी शाखा ‘मआनी’, म्हणजे अर्थांची. एकच आशय उपमेने, रूपकाने की आडवळणाने सांगितला, आणि तो किती उघड झाला, हे पाहणारी शाखा ‘बयान’, म्हणजे स्पष्टतेची. पांढरेपणाला आग म्हणणं हे बयान, आणि डोक्याला कर्ता करणं हे मआनी.

तिसरी शाखा ‘बदी’, अलंकरणाची. सूरह रूममध्ये कयामतची घटका येते तेव्हा अपराधी शपथेवर सांगतात, की आम्ही घटकाभरच राहिलो होतो. दोन्ही ठिकाणी शब्द एकच, अर्थ दोन; मराठी वाचक याला यमक म्हणेल. असा अलंकार अर्थानेच मागितलेला असावा, ओढून आणलेला नसावा, अशी जुर्जानीची अट होती. माझ्या मते या शाखेवरचं सर्वांत महत्त्वाचं वाक्य तेच आहे.

भाष्यकारांना ही शास्त्रं का लागली, याचं उत्तर जमख्शरीने दिलं. 1144 मध्ये वारलेल्या या पंडिताने ‘अल-कश्शाफ’ या आपल्या भाष्याच्या प्रस्तावनेत बजावलं, की मआनी आणि बयान यांत मुरल्याशिवाय कुराणाच्या खोल अर्थापर्यंत कोणी पोहोचत नाही. प्रश्न रसग्रहणापुरता नव्हता. सूरह जुमरमध्ये कयामतच्या दिवशी पृथ्वी देवाच्या मुठीत आणि आकाशं त्याच्या उजव्या हातात गुंडाळलेली असतील, असं म्हटलंय. मग देवाला हात आहे का? जमख्शरी म्हणतो, मूठ आणि हात सुटे काढून पाहू नका; अख्खं वाक्य मिळून देवाच्या थोरवीचं एक चित्र आहे.

पण गैरसोयीचा शब्द दिसला की त्याला रूपक म्हणून मोकळं व्हायचं, असं चालत नाही. शास्त्राला ‘करीना’ लागतो, म्हणजे शब्दशः अर्थ अडवणारी खूण. यूसुफचे भाऊ वडिलांना सांगतात, की गावाला विचारा. गाव बोलत नाही, म्हणजे गावातल्या माणसांना विचारायचं. इथे खूण सगळ्यांना दिसते. मुठीच्या वाक्यात ती तशी उघड नाही. देवाला शरीर नाही, हा सिद्धांत आधी पक्का असेल, तर तोच खूण बनतो. जमख्शरी मुतझिली पंथाचा होता, त्यामुळे वाद पेटला. अलेक्झांड्रियाच्या इब्न अल-मुनय्यिरने त्याच्या पंथीय मतांचं खंडन करणारा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. इब्न तैमियाने तर शब्दशः आणि लाक्षणिक ही विभागणीच नाकारली. तरीही मतभेद असणारे पंडित ‘कश्शाफ’ बाजूला ठेवू शकले नाहीत, कारण वाक्य उलगडण्यात त्याच्या तोडीचं भाष्य हाताशी नव्हतं.

जुर्जानीचं विवेचन पुढे सक्काकीने सूत्रबद्ध केलं आणि 1338 मध्ये वारलेल्या कजवीनीने त्याचा सारांश लिहून तिन्ही शाखांची मांडणी रूढ केली. त्या सारांशावर तफ्ताजानीने लिहिलेलं ‘मुख्तसर अल-मआनी’ हे भाष्य दर्स-ए-निजामी शिकवणाऱ्या भारतातल्या मदरशांत आजही अभ्यासाला असतं.