तारीख जमत नसेल तेव्हा

पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली सुरू केली. उन्हाळ्यात रोज संध्याकाळी एक व्याख्यान, हा तिचा शिरस्ता. आज तालुक्याच्या गावांतली वाचनालयंही पाच-सात दिवसांच्या माला भरवतात. या मालांची एक अडचण वक्त्यांच्या सहसा लक्षात येत नाही. एक तारीख रिकामी पडली तर ती पुढे सरकवता येत नाही, कारण तिच्या अलीकडे-पलीकडे दुसरे वक्ते बसलेले असतात. पत्रिका छापायला टाकायची असते, त्या दिवसाचा खर्च उचलणाऱ्याला विषय सांगून झालेला असतो. अशा वेळी कार्यवाहांना सगळ्यात महाग पडतं ते ‘बघतो, जमवतो’ हे उत्तर. स्पष्ट नकार आला की ते दुसऱ्या दिवशी कामाला लागतात. ‘बघतो’वर तीन आठवडे बसून राहतात.

समजा, भूजलाच्या एका प्राध्यापिकेला अशा वाचनालयाचं बोलावणं आलं. तारीख १० जानेवारी, विषय ‘आपल्या विहिरी का आटतात’. पत्र नोव्हेंबरच्या मध्याला मिळालं आणि त्याच आठवड्यात बाईंच्या विद्यापीठाच्या परीक्षा आहेत. त्यांनी त्याच दिवशी फोन करावा आणि पहिल्याच वाक्यात सांगावं: ‘दहा तारखेला मला येता येणार नाही.’ कारण एका वाक्यात पुरे. घरच्या अडचणींची यादी ऐकवली की समोरचा त्या सोडवायला धावतो. गाडी पाठवतो, रात्रीच परत सोडतो, तारीख एक दिवस अलीकडे घेतो म्हणतो. मग दुसऱ्यांदा नाही म्हणणं जास्तच अवघड होतं. फोनवरच विचारावं, ‘दुसरं नाव सुचवलं तर चालेल का?’ कार्यवाहांच्या यादीत आधीच कुणी असू शकतं.

ते हो म्हणाले, तर नाव निवडताना खरी कसोटी लागते. बहुतेक जण आपल्या विभागातल्या मोठ्या पदाच्या माणसाचं नाव सांगून मोकळे होतात. पण दख्खनच्या काळ्या कातळात पाणी भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरात असतं. शेजारच्या दोन विहिरींपैकी एक भरलेली आणि एक कोरडी, हे रोजचंच. श्रोते हमखास स्वतःच्या विहिरीबद्दल विचारणार. तेव्हा त्या तालुक्यात विहिरी मोजत हिंडलेला निवृत्त भूवैज्ञानिक इथे विभागप्रमुखापेक्षा उपयोगी, मग त्याचं नाव पत्रिकेवर तेवढं वजनदार का दिसेना.

त्या भूवैज्ञानिकाला आधी विचारायला हवं. तारीख मोकळी आहे का, प्रवास झेपेल का, नंबर दिलेला चालेल का. हे न विचारता नंबर दिला तर त्याला अनोळखी माणसाला नाही म्हणावं लागतं आणि वाचनालयाचे आणखी चार दिवस जातात. मानधनाचं मात्र दोघांनी आपसात ठरवावं. ‘ते काही घेणार नाहीत’ असं परस्पर सांगून टाकणारे महाभाग आहेत, त्यांना काय म्हणावं!

मग दोन दिवसांत पत्र जावं:

‘सप्रेम नमस्कार. फोनवर कळवल्याप्रमाणे परीक्षांमुळे १० जानेवारीला येऊ शकत नाही, क्षमस्व. आपल्या तालुक्यातल्या विहिरींचं काम केलेले एक भूवैज्ञानिक मी सुचवते. प्रश्नोत्तरांत ते विशेष रंगतात. त्यांना तारीख विचारली आहे, मोकळी आहे. नाव आणि नंबर खाली देत आहे. निर्णय अर्थातच आपला. मला जून ते ऑगस्टमधल्या कोणत्याही शनिवारी येता येईल. पुढच्या मालेत बोलवायचं असल्यास सप्टेंबरच्या आत कळवावं, म्हणजे परीक्षांच्या तारखा पाहून सांगता येईल.’

शेवटची दोन वाक्यं ‘पुढच्या वर्षी नक्की’पेक्षा कितीतरी कामाची आहेत. ‘नक्की’ला तारीख नसते, त्यामुळे कार्यवाहही ते सभ्यपणाच समजतात. इथे त्यांच्या वहीत नोंद होईल असं काही आहे. अर्थात खरंच जायचं असेल तरच हे लिहावं. ते व्यासपीठच पटत नसेल, तर बदली माणूस सुचवू नये आणि पुढच्या वर्षाचंही बोलू नये. जे आपल्याला नको ते दुसऱ्याच्या गळ्यात का घालायचं?

परिसंवादाचं गणित थोडं वेगळं. तिथे प्रत्येक खुर्ची एका बाजूसाठी असते. ऊस-पाण्याच्या परिसंवादात शेतकरी म्हणून बोलावलेल्याने आपल्या जागी कृषी अधिकारी सुचवला, तर माणूस उत्तम असूनही व्यासपीठावर सगळे एकाच बाजूचे होतात. म्हणून आधी विचारावं, ‘आणखी कोण बोलणार आहे आणि मला कोणत्या बाजूने धरलंय?’ सत्कार किंवा पुरस्कारासाठी बोलावणं असेल, तर बदलीचा प्रश्नच येत नाही.

एवढं करूनही कार्यवाहांचा फोन येतो: ‘मॅडम, ते येतील हो, पण तुम्ही उद्घाटनाला दहा मिनिटं तरी या.’ तेव्हा उत्तर तेच ठेवावं, ‘या वेळी नाही जमणार,’ आणि विषय बदलून विचारावं की भूवैज्ञानिकांना नकाशे दाखवायला पडदा मिळेल का.