फोटोतून अखंड फरशी

कोब्याचा दोन मीटर चौरस भागाचा फोटो वीस मीटर चौरस दालनात शंभर वेळा मांडला, की दोन गोष्टी खटकतात: तुकड्यांमधले सांधे आणि तेच ते डाग.

सांधे घालवण्यासाठी 2048 पिक्सेलचा चौरस फोटो गिम्पमध्ये उघडून `Offset` ने आडवा-उभा 1024 पिक्सेल सरकवा. बाहेर गेलेला भाग समोरच्या बाजूने आत येतो. त्यामुळे मूळच्या कडा मधोमध अधिकच्या खुणेसारख्या दिसतात, तर नव्या कडा आपोआप जुळतात. ही खूण `Heal` ने पुसा. कडांना मात्र हात लावू नका.

पुनरावृत्ती सहसा डागांपेक्षा प्रकाशाने उघडी पडते. फोटोची एक बाजू किंचित उजळ असली, तरी दुरून बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन दिसतात. म्हणून सरकवण्यापूर्वीच उजेड सारखा करा आणि ठळक तडे, डाग काढा. मग त्यावर सात मीटर मापाचा फिकट, ढगाळ डागांचा दुसरा थर चढवा. दोन आणि सात मीटरचा मेळ चौदा मीटरवरच बसतो, म्हणून नक्षी सहज ओळखू येत नाही. तपासणी मात्र उंचावरून, तिरक्या कोनातून करा.