अंधार पडला की रीबूट होणारा कॅमेरा
लेखमाला : सोसायटीचे नेटवर्क — लेखांक ७

मागच्या लेखांकात स्विच आणि राऊटर यांच्यातील कामाची वाटणी पाहिली. या आठवड्यात त्याच स्विचकडे वीजपुरवठा करणारे यंत्र म्हणून पाहू. हल्ली इमारतींवर बसणाऱ्या बहुतेक आयपी कॅमेऱ्यांना वेगळी वायर नसते. चित्र ज्या नेटवर्क केबलमधून येते तिच्यातूनच वीजही जाते. या पद्धतीला पीओई म्हणतात. सोय मोठी आहे, पण तिच्याबरोबर एक हमखास तक्रारही येते. कॅमेरा दिवसभर नीट चालतो, संध्याकाळ झाली की मिनिटा-दोन मिनिटांनी बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि रेकॉर्डिंगमध्ये भोके पडतात. अशा वेळी बहुतेक ठिकाणी पहिला उपाय कॅमेरा बदलण्याचा होतो. माझे म्हणणे असे की, या तक्रारीत कॅमेऱ्यावर सर्वांत शेवटी संशय घ्यावा. बिघाड कॅमेऱ्याबरोबर फिरतो, पोर्टबरोबर राहतो की केबलबरोबर, हे आधी ठरवावे. त्याला फारशी साधने लागत नाहीत. हिशेब मात्र नीट करावा लागतो.

पहिला पुरावा वेळेचा. अंधार पडला की कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे लागतात आणि त्याची विजेची गरज एकदम दुपटीहून वाढू शकते. नमुन्यादाखल असा कॅमेरा धरू, जो दिवसा ३.५ वॅट घेतो आणि दिवे लागल्यावर ८ वॅट. बिघाड नेमका दिवे लागण्याच्या वेळी येत असेल, तर तो भाराशी जोडलेला आहे असे समजायला पुरेसा आधार मिळतो. खात्रीसाठी रात्रीची वाट पाहावी लागत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये डे-नाईट मोड ‘ऑटो’वरून ‘नाईट’वर नेला की भर दुपारी दिवे लागतात. तेवढ्याने कॅमेरा पडला, तर शोधाची दिशा ठरली. उलट, कॅमेरा दिवसा-रात्री कधीही, कसाही रीबूट होत असेल, तर फर्मवेअर, मेमरी कार्ड किंवा केबलमधली ढिली पिन असे दुसरे धागे आधी तपासावे लागतात.

आता स्विचचा हिशेब. पीओईचे पहिले मानक २००३ साली आले. त्यानुसार एका पोर्टने जास्तीत जास्त १५.४ वॅट द्यायचे आणि केबलमधली गळती जाऊन कॅमेऱ्यापाशी १२.९५ वॅट पोचतील असे धरायचे. २००९च्या सुधारित मानकात पोर्टची मर्यादा ३० वॅटपर्यंत गेली. स्विचच्या खोक्यावर हेच आकडे ठळक असतात, आणि फसगत इथूनच सुरू होते. हे आकडे एका पोर्टचे आहेत. सगळ्या पोर्टना मिळून किती वीज देता येईल ती मर्यादा वेगळी असते. तिला पीओई बजेट म्हणतात. ८ पोर्टच्या स्विचचे बजेट ६० वॅट असणे अगदी नेहमीचे आहे. त्याचे आठही पोर्ट एका वेळी १५.४ वॅट देऊ शकत नाहीत, कारण त्यासाठी १२३ वॅट लागतील.

आपले आठ कॅमेरे या ६० वॅटच्या स्विचवर लावून पाहू. केबलमधली गळती सध्या बाजूला ठेवू. दिवसा ८ गुणिले ३.५, म्हणजे २८ वॅट. निम्मे बजेट शिल्लक, सगळे आलबेल. संध्याकाळी आठही कॅमेऱ्यांचे दिवे लागले की ६४ वॅट. बजेट ४ वॅटने ओलांडले गेले, तेव्हा स्विच कोणाची तरी वीज तोडतो. अनेक स्विचमध्ये प्राधान्य पोर्टच्या क्रमाने असते, त्यामुळे बळी जातो तो आठव्या पोर्टचा. आता भार ५६ वॅट झाला. स्विच आठव्या पोर्टला पुन्हा वीज देतो. सुरू होताना कॅमेरा ३.५ वॅटच घेतो, बेरीज ५९.५, म्हणजे मर्यादेच्या आत. कॅमेरा चालू होतो, अंधार ओळखतो, दिवे लावतो, बेरीज पुन्हा ६४ वर जाते आणि पोर्ट पुन्हा तुटतो. पहाटेपर्यंत हेच चालू राहते. रोज तोच एक कॅमेरा पडताना दिसतो, म्हणून तो खराब असल्याचा समज पक्का होतो. प्रत्यक्षात दोष आठही कॅमेऱ्यांच्या बेरजेत आहे.

हे सिद्ध करणे सोपे आहे. स्विचपाशी तिसऱ्या आणि आठव्या पोर्टच्या केबलची अदलाबदल करावी. आता आठव्यावर आलेला, आजवर निर्दोष चाललेला कॅमेरा पडू लागला आणि ‘खराब’ कॅमेरा तिसऱ्यावर स्थिर झाला, तर कॅमेरा आणि त्याची केबल दोन्ही सुटले. मग दुसरे दोन कॅमेरे तात्पुरते काढावेत. आठवा पोर्ट शांत झाला तर कारण बजेट. तरीही पडत राहिला तर तो पोर्टच बिघडलेला. मॅनेज्ड स्विच असेल तर बजेट आणि प्रत्यक्ष वापर पडद्यावरच दिसतो. सिस्कोच्या स्विचवर त्यासाठी ही आज्ञा आहे :

```
show power inline
```

यावर एक आक्षेप येतो. काही स्विच कॅमेऱ्याचा वर्ग ओळखून प्रत्यक्ष वापराऐवजी त्या वर्गाची पूर्ण वीज आधीच राखून ठेवतात, मग बजेट रात्री कसे ओलांडले जाईल? आक्षेप बरोबर आहे, आणि त्याचा निदानाला उपयोगही होतो. अशा स्विचवर शेवटचा कॅमेरा रात्री रीबूट होत नाही, तो दिवसासुद्धा सुरूच होत नाही. म्हणजे दिवसा चालून रात्री पडणे हे प्रत्यक्ष वापर मोजणाऱ्या स्विचचे लक्षण आहे. उपाय दोन्हीकडे पुरेशा बजेटचा स्विच हाच, बेरीज मात्र वेगळी. वर्गाची वीज राखून ठेवणाऱ्या स्विचसाठी प्रत्येक कॅमेऱ्याच्या वर्गाचे पूर्ण वॅट धरावेत. प्रत्यक्ष वापर मोजणाऱ्या स्विचसाठी सगळ्या कॅमेऱ्यांच्या कमाल वॅटची बेरीज करून तिच्यापेक्षा निदान पाव हिस्सा जास्त बजेट असलेला स्विच घ्यावा. आपल्या नमुन्यात ते किमान ८० वॅट होते.

अदलाबदलीनंतर तोच कॅमेरा नव्या पोर्टवरही पडत राहिला, तर संशय केबलवर जातो. इथे पहिला आरोप सहसा लांबीवर होतो, आणि तो तपासून घ्यायला हवा. १०० मीटरची मर्यादा मुळात डेटासाठी आहे. विजेचा हिशेब रोधावर चालतो. पीओईत वीज एका जोडीच्या दोन्ही तारांतून जाते आणि दुसऱ्या जोडीच्या दोन्ही तारांतून परत येते. त्यामुळे जाण्या-येण्याचा एकूण रोध एकाच तारेच्या एकेरी रोधाइतका भरतो. २४ गेजच्या शुद्ध तांब्याच्या ८० मीटर केबलमध्ये तो सुमारे ६.७ ओहम येतो. स्विच ४८ व्होल्ट देत असेल आणि कॅमेरा ८ वॅट ओढत असेल, तर वाटेत जेमतेम सव्वा व्होल्ट पडतो. पहिल्या मानकाने मुळात २० ओहमपर्यंतचा रोध गृहीत धरला आहे आणि उपकरणाने ३७ व्होल्टवरही चालावे असे सांगितले आहे. तेव्हा शंभर मीटरच्या आतली चांगली केबल केवळ लांबीमुळे कॅमेरा पाडत नाही.

मग हलकी केबल? बाजारात स्वस्तात मिळणारी सीसीए केबल म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम. तिचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो, आणि तार अनेकदा २६ गेजची, म्हणजे आणखी बारीक असते. अशा ८० मीटर केबलचा रोध १७ ओहमच्या आसपास जातो. तरीही ८ वॅटला पडतात सुमारे ३ व्होल्ट. कॅमेऱ्याला ४५ मिळतात. कागदावर सीसीएसुद्धा निर्दोष सुटते, असा युक्तिवाद काही जण करतात. पण या हिशेबात सांधे धरलेले नाहीत. ॲल्युमिनियम हवेत चटकन ऑक्साइडचा थर धरते, वाकवले की तुटते, आणि आरजे-४५ कनेक्टरच्या पात्याखाली त्याची पकड काळाने सैल होते. त्यात गच्चीवर तारा पिळून वर टेप गुंडाळलेला एखादा जोड असला, की एका पावसाळ्यात तिथला रोध तारेच्या रोधाला मागे टाकतो.

समजा, अशा सांध्यांमुळे एकूण रोध ६० ओहमवर गेला. दिवसा ३.५ वॅटला सुमारे ५ व्होल्ट पडतात, कॅमेऱ्याला ४३ मिळतात आणि तो तक्रार करत नाही. रात्री ८ वॅटला मात्र १४ व्होल्ट पडून ३४ सुद्धा उरत नाहीत. कॅमेऱ्याला ठरलेले वॅट हवेच असतात, त्यामुळे व्होल्ट उतरले की तो जास्त करंट ओढतो. जास्त करंटमुळे व्होल्ट आणखी उतरतात. रोध ७२ ओहमच्या पुढे गेला, तर ४८ व्होल्टवरून ८ वॅट पोचवणे गणितानेच अशक्य होते. कॅमेरा बंद पडतो, भार सुटतो, व्होल्ट परत चढतात आणि तो पुन्हा सुरू होतो. ‘दिवसा चालतो, मग केबल वाईट कशी?’ या प्रश्नाचे उत्तर हेच आहे.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञाकडून येतो : केबल टेस्टरचे आठही दिवे लागले, चित्रही स्वच्छ आहे. टेस्टर फक्त तार जोडलेली आहे का ते पाहतो, आणि त्यासाठी नगण्य करंट वापरतो. ४० ओहमचा सांधा त्याला दिसत नाही. चित्राचेही तसेच. १०० एमबीपीएसच्या जोडणीत डेटा १-२ आणि ३-६ या तारांवरून जातो, तर अनेक स्विच वीज ४-५ आणि ७-८ वरून पाठवतात. विजेची जोडी कुजलेली असूनही कॅमेरा पडेपर्यंत चित्र सुरेख दिसू शकते. भार नसताना टोकाला मल्टिमीटर लावून ४८ व्होल्ट पाहणेही निरुपयोगी, कारण करंट वाहत नसेल तर व्होल्ट पडतच नाहीत.

खरी मोजणी अशी. केबल दोन्ही टोकांनी काढावी. लांबच्या टोकाला एका जोडीच्या दोन तारा एकमेकींना जोडाव्यात आणि स्विचच्या टोकाला त्या दोहोंमधला रोध मल्टिमीटरने मोजावा. चारही जोड्यांचे असे करावे. ८० मीटर चांगल्या तांब्याला प्रत्येक जोडी १३-१४ ओहम दाखवते. बारीक सीसीए तीसच्या पुढे जाते. लांबी आवरणावर छापलेल्या मीटरच्या खुणांवरून कळते. तीन जोड्या सारख्या आणि चौथी बरीच जास्त निघाली, तर दोष त्या जोडीच्या सांध्यात आहे. तार कशाची आहे ते कळायला टोक ब्लेडने खरवडावे : आत पांढरट धातू दिसला तर ॲल्युमिनियम. शेवटी कॅमेरा खाली आणून दोन मीटरच्या चांगल्या पॅच कॉर्डने स्विचला जोडावा आणि नाईट मोडवर तासभर ठेवावा. स्थिर राहिला तर केबल दोषी. इथेही पडला, तरच कॅमेरा बदलावा.

काही स्विचवर ‘एक्स्टेंड’चे बटण असते आणि २५० मीटरपर्यंत चालेल असे लिहिलेले असते. ते बटण डेटाचा वेग १० एमबीपीएसवर आणते. तारेचा रोध मात्र तसूभरही कमी करत नाही. तेवढ्या अंतरावर पूर्ण तांब्याची, एकसंध, मध्ये जोड नसलेली केबल असेल तरच त्यावर विसंबावे. नवा कॅमेरा बसवल्यावर कधीकधी तक्रार थांबते, त्यावरूनही जुना खराब होता असा निष्कर्ष काढू नये. नव्याचे दिवे कमी वॅटचे असतील, तर त्याने बजेट किंवा सांध्याचा दोष फक्त झाकलेला असतो, आणि पुढच्या पावसाळ्यात किंवा नववा कॅमेरा जोडताना तो पुन्हा वर येतो. म्हणून बदली करण्याआधी आठ कॅमेऱ्यांच्या कमाल वॅटची बेरीज आणि चार जोड्यांचे ओहम कागदावर लिहून घ्यावेत. खर्च स्विचवर करायचा, केबलवर की कॅमेऱ्यावर, हे त्या आकड्यांवरून ठरते.

(पुढील लेखांकात : गच्चीवरच्या केबलला विजेच्या कडकडाटापासून संरक्षण आणि अर्थिंग)