‘नेतृत्वाचा अनुभव कमी पडला’ या नकाराला काय लिहावं?

‘तांत्रिक बाजू चांगली आहे, मात्र नेतृत्वाचा अनुभव कमी वाटला.’ टीम लीडर किंवा असिस्टंट मॅनेजरच्या जागेसाठी मुलाखत देऊन आलेल्यांना नकाराच्या मेलमध्ये हे वाक्य हमखास भेटतं. माझी बरीच वर्षं भरती विभागात गेली, त्यामुळे ते कसं तयार होतं ते ठाऊक आहे. मुलाखत संपली की पॅनेलमधले तिघं-चौघं आपापल्या तक्त्यात गुण भरतात. तांत्रिक ज्ञान, संवाद, निर्णय घेणं, माणसं सांभाळणं असे रकाने असतात. मग सगळे बसून एक नाव ठरवतात. ज्यांचं नाव ठरलं नाही, त्यांचा जो रकाना सर्वांत कच्चा, त्याचं एक सभ्य वाक्य करून एचआरवाला पाठवून देतो.

त्यामुळे एकाच वाक्याच्या पोटात निरनिराळी कारणं असू शकतात. कुणाच्या हाताखाली खरोखरच कधी माणसं नसतात. रजा मंजूर करणं, अप्रेझल लिहिणं, पाळी लावणं हे त्याने केलेलंच नसतं. कुणी ते केलेलं असतं, पण मुलाखतीत सांगितलेलं नसतं. आणि कधी आतलाच माणूस आधीपासून ठरलेला असतो, मग बाहेरच्याला द्यायला हे कारण बरं पडतं. मेल वाचून यातलं नेमकं कोणतं ते कळत नाही, आणि उत्तर लिहायचं ते एवढं कळून घेण्यासाठी. निर्णय फिरवण्यासाठी नव्हे, कारण तोवर दुसऱ्याला ऑफर गेलेली असते.

चाकणच्या एका कारखान्यातल्या क्वालिटी इंजिनिअरचं उदाहरण घेऊ. सात वर्षांचा अनुभव, आणि अर्ज दुसऱ्या कंपनीत, दोन पाळ्यांतल्या 9 माणसांच्या टीम लीडरसाठी. तिने मुलाखतीत आपलं सर्वांत मोठं काम सांगितलं होतं. पंपाच्या ॲल्युमिनियम हाउसिंगमध्ये सच्छिद्रता येत होती, लीक टेस्टला भाग नापास होत होते आणि ग्राहकाची तक्रार आली होती. अशा तक्रारीला वाहन उद्योगात 8D रिपोर्ट द्यावा लागतो. त्याची पहिलीच पायरी टीम बांधण्याची असते, आणि टीममध्ये प्रॉडक्शन, मेंटेनन्स, टूलरूम अशा ठिकाणची माणसं येतात. त्यातलं कुणीही क्वालिटीवाल्याला रिपोर्ट करत नाही. डायमधली पाण्याची एक वाट गाळाने तुंबली होती, तिथे धातू शेवटी गोठत होता आणि आत पोकळ्या राहत होत्या, हे या टीमने शोधलं. डाय उतरवून साफ करायची तर मशीन एक पाळी बंद ठेवावी लागणार होती. प्रॉडक्शनचे साहेब डिस्पॅचचं कारण देत अडून बसले. तिने तयार मालातला प्रत्येक भाग लीक टेस्ट करून द्यायची जबाबदारी घेतली, रविवारची पाळी सुचवली आणि त्यांना राजी केलं.

पण पॅनेलने विचारलं, “या कामात विरोध कुणाचा झाला?” तर ती म्हणाली, “नाही सर, सगळ्यांनी सहकार्य केलं. आम्ही मिळून सोडवलं.” आपल्याकडे हे वळणच आहे, बाहेर जाऊन सहकाऱ्याची तक्रार केली असं दिसायला नको. मात्र नेतृत्वाचा रकाना भरणाऱ्याला ऐकायचं असतं ते नेमकं हेच: कोण अडलं, तुम्ही काय ठरवलं, त्याची जोखीम कुणी घेतली. त्याला तिच्या उत्तरात लिहिण्यासारखं काहीच मिळालं नाही.

नकार आला त्या रात्री तिने लिहिलेला मसुदा असा होता: ‘आपल्या निर्णयाचा आदर आहे. तरीही सांगावंसं वाटतं, की सात वर्षांत मी अनेक 8D स्वतः चालवले आहेत. पॅनेलने याबद्दल सविस्तर विचारलं असतं तर गैरसमज झाला नसता. असो, आपल्याला योग्य उमेदवार मिळो ही सदिच्छा.’ यात शिवी नाही, उद्धटपणा नाही. तरी दुसरं-तिसरं वाक्य सरळ वाद घालतं आणि चौथं फुगून बसतं. वाचणारा एचआरवाला मनात म्हणतो, बरं झालं घेतली नाही. याच्या उलट टोकाला ‘मी खरंच पात्र नव्हते, माफ करा’ असं लिहिणारेही असतात, आणि तेही तितकंच निरुपयोगी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जे मेल गेलं ते अर्थातच इंग्रजीत होतं, पण त्यातला मजकूर असा:

‘नमस्कार. कारणासह कळवल्याबद्दल आभार. बहुतेक ठिकाणांहून एवढंही कळत नाही. नेतृत्वाबाबतचा मुद्दा मी समजून घेतला आहे. माझ्या हाताखाली थेट रिपोर्ट करणारी माणसं आजवर नव्हती, हे खरं आहे. मी चालवलेल्या टीम 8D पुरत्या, इतर विभागांतल्या माणसांच्या होत्या. पुढच्या तयारीसाठी एकच विचारते: या जागेसाठी थेट रिपोर्टिंगचा अनुभव आवश्यक होता, की अशा टीममधली माझी स्वतःची भूमिका मुलाखतीत स्पष्ट झाली नाही? एका ओळीत कळवलंत तरी पुरे. पुढे अशी जागा निघाली तर माझा विचार व्हावा.’

यात काय साधलंय पाहा. उणीव जेवढी खरी आहे तेवढीच मान्य केली आहे. 8D ची माहिती आली, पण ती पॅनेलला चूक ठरवायला नाही, प्रश्नाला आधार म्हणून आली. आणि प्रश्न असा, की एचआरवाला तो तसाच मॅनेजरला पुढे ढकलू शकतो आणि मॅनेजर दोन शब्दांत उत्तर देऊ शकतो. ‘मी कुठे कमी पडले?’ असं मोघम विचारलं की उत्तर द्यायला विचार करावा लागतो, आणि ते मेल मागे पडतं ते पडतंच.

आठवड्याने उत्तर आलं: दुसरं कारण. थेट रिपोर्टिंगची अट नव्हती. मतभेद हाताळल्याचा दाखला मिळाला नाही. मग पुढच्या मुलाखतीसाठी तिला नवा अनुभव गोळा करायचा नव्हता, डाय उतरवण्याची गोष्ट प्रॉडक्शनच्या साहेबांसकट, त्यांच्या अडचणीला न्याय देऊन सांगायची होती. पहिलं कारण आलं असतं तर वाट वेगळी होती. तेव्हा आपल्या साहेबांकडे जाऊन शिफ्ट इन्चार्जची बदली ड्यूटी किंवा नव्या ट्रेनींची जबाबदारी मागावी लागते, आणि त्याला वर्ष जातं.

पुष्कळदा उत्तर येतच नाही. मग दुसरं मेल टाकून आठवण करू नये. आणि लग्न कधी, रात्रपाळी जमेल का असल्या प्रश्नांनंतर हे ‘नेतृत्वाचं’ कारण आलं असेल, तर असा नम्र प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. तो पत्रव्यवहार निराळा.

एक गोष्ट मात्र उमेदवारांना सहसा माहीत नसते. आपल्याकडे अनेक ठिकाणी नोटीस पीरियड दोन-तीन महिन्यांचा असतो. ज्याला ऑफर गेली तो तेवढ्या काळात दुसरी ऑफर मिळवतो, किंवा जुनी कंपनी पगार वाढवून त्याला थांबवते. रुजू व्हायच्या आठवड्यात जागा पुन्हा रिकामी होते, मॅनेजर वैतागलेला असतो, आणि नव्याने जाहिरात देण्याआधी एचआरवाला जुनी यादी उघडतो. म्हणून साधारण तीन महिन्यांनी त्याच मेलच्या साखळीत दोन ओळी टाकाव्यात: मधल्या काळात अमुक जबाबदारी घेतली, जागा निघाल्यास कळवावं. साखळी तीच ठेवायची, म्हणजे खाली आधीचं मेलही त्याला दिसतं.