वेळापत्रक आखण्यापूर्वीचा पहिला प्रश्न

‘आमच्या कुटुंबाचे आठवड्याचे वेळापत्रक आखून द्या,’ अशी विनंती इंग्लंडमधील एका स्नेह्यांनी नुकतीच केली. पती-पत्नी दोघेही नोकरी करणारे, मुलगी नऊ वर्षांची आणि आजी साताऱ्याला. यापलीकडे माहिती नव्हती. न टळणारी बांधिलकी कोणती, कोणते काम कोणत्या वेळी आवडते आणि विश्रांती किती हवी, या तिन्ही गोष्टी विचारावयाच्या होत्या. प्रश्न होता, आधी काय विचारावे?

उत्तर चुकीच्या परिणामात दडलेले आहे. विश्रांतीचा अंदाज चुकला, तर दोन दिवसांत तो सुधारता येतो. आवडीची वेळ चुकली, तर कुरकुर होते. पण काम होते. बांधिलकी मात्र राहून गेली, तर तिच्याभोवती रचलेले सर्वच पुन्हा मांडावे लागते. म्हणून पहिला मान तिचा.

परंतु ‘तुमच्या ठरलेल्या वेळा सांगा’ एवढे विचारून भागत नाही. लोक केवळ कार्यालय आणि शाळा सांगतात. त्याऐवजी विचारावे: ‘अशी कोणती वेळ आहे, जी घराबाहेरचे कोणी ठरवते आणि जी तुम्हांला एकट्याने बदलता येत नाही?’ आरंभ, शेवट आणि जाण्यायेण्याचा वेळही त्याबरोबरच विचारावा.

या प्रश्नामुळेच आजींचा विषय निघाला. नातीशी रोज बोलणे ठरलेले, आणि आजी रात्री नऊला झोपतात. वडिलांची पसंती सायंकाळी सहाची होती; हिवाळ्यात तेव्हा भारतात साडेअकरा वाजतात. मुलगी शाळेतून पावणेचारला घरी येते. उन्हाळ्यात भारतात तेव्हा सव्वाआठ वाजलेले असतात, म्हणजे पाऊण तास मिळतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधील घड्याळे एक तास मागे गेली, की साडेचार तासांचे अंतर साडेपाच होते आणि त्याच पावणेचारला साताऱ्यात सव्वानऊ झालेले असतात. आजी झोपलेल्या! म्हणून हिवाळ्यासाठी सकाळी साडेसातची वेळ ठरली. तेव्हा तिकडे दुपारचा एक वाजलेला असतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे पुन्हा पुढे जातात, तेव्हा दुपारची वेळ परत लागू होते.

यानंतरच पसंती विचारली. आईला स्वयंपाक सकाळी उरकणे आवडते; पण हिवाळ्यात साडेसातला फोन असल्याने तो सातपूर्वी संपवावा लागेल, हे तिला आधीच दिसले आणि तिने स्वतःच सायंकाळ निवडली. विश्रांतीबद्दल विचारलेच नाही. मुलीच्या अभ्यासात अर्ध्या तासानंतर दहा मिनिटे धरली आणि ‘हा माझा अंदाज आहे, खटकल्यास बदला,’ असे कागदावर स्पष्ट लिहिले.

एखादे वेळापत्रक दर आठवड्याला एकाच ठिकाणी मोडत असेल, तर दोष शिस्तीचा समजू नये. बहुधा तेथे न विचारलेली एखादी बांधिलकी असते.