जुन्या सरांकडे शिफारसपत्र मागताना

परदेशात एमएसला अर्ज करायचा तर बहुतेक विद्यापीठांना दोन किंवा तीन शिफारसपत्रं लागतात. पदवी घेऊन दोन-तीन वर्षं झालेली असतात, कॉलेजशी संबंध सुटलेला असतो, आणि एके दिवशी जुन्या सरांना ई-मेल जातो: ‘सर, मला एलओआर हवं आहे, जरा लवकर द्याल का?’ सोबत बायोडेटा जोडलेला. सर पत्र देतातही, पण त्यात ‘हुशार, मेहनती आणि वक्तशीर’ यापलीकडे फारसं काही नसतं. त्यात सरांचा दोष नाही. त्यांच्या हाताखालून दरवर्षी एक नवी तुकडी जाते आणि आठवतं तेवढंच त्यांना लिहिता येतं. म्हणून चांगल्या पत्राची तयारी विनंतीच्या ई-मेलपासूनच करावी लागते.

सरांना नेमकं काय विचारलं जातं, हे आधी पाहू. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या ऑनलाइन फॉर्मवर पत्रासोबत काही प्रश्न असतात. या विद्यार्थ्याला तुम्ही किती काळ आणि कोणत्या नात्याने ओळखता? तुम्ही शिकवलेल्या मुलांमध्ये तो कुठे बसतो, पहिल्या पाच टक्क्यांत की पहिल्या पंचवीस टक्क्यांत? त्याने केलेलं कोणतं काम तुम्ही स्वतः पाहिलं? गुण तर गुणपत्रिकेत असतातच. प्रयोग फसला तेव्हा हा विद्यार्थी कसा वागला, हे मात्र शिकवणारा माणूसच सांगू शकतो. ई-मेलने सरांना तेवढं आठवून द्यायचं असतं.

समजा, एका मुलीने 2023 मध्ये पुण्यात स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली, सध्या ती बांधकाम क्षेत्रात नोकरी करते आणि तिला अमेरिकेत एमएस करायचं आहे. पहिल्या अर्जाची मुदत 1 डिसेंबरला संपते. तिने ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात प्रकल्पाच्या मार्गदर्शकांना लिहिलेला ई-मेल असा असू शकतो:

‘विषय: एमएस प्रवेशासाठी शिफारसपत्राची विनंती – बीई स्थापत्य, 2023 (पहिली मुदत 1 डिसेंबर)

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

मी 2023 च्या तुकडीतली आपली विद्यार्थिनी. तिसऱ्या वर्षी आपण आम्हाला काँक्रीट टेक्नॉलॉजी शिकवलं आणि शेवटच्या वर्षी आमच्या चौघांच्या गटाला प्रकल्पासाठी मार्गदर्शन केलं. नदीच्या वाळूऐवजी क्रश सँड वापरून एम 25 काँक्रीट करण्याचा तो प्रकल्प होता.

मी अमेरिकेतल्या चार विद्यापीठांत बांधकाम साहित्य या विषयात एमएससाठी अर्ज करत आहे. माझं प्रयोगशाळेतलं काम आपण जवळून पाहिलं आहे, म्हणून आपलं शिफारसपत्र मिळावं अशी विनंती आहे. माझ्या कामाबद्दल आपल्याला मोकळेपणाने चांगलं लिहिता येईल असं वाटलं, तरच हो म्हणावं. सवड नसेल किंवा दुसऱ्या कुणी लिहिणं अधिक योग्य वाटत असेल, तर तसंही निःसंकोच कळवावं.

आपल्याला आठवावं म्हणून दोन गोष्टी लिहिते. पहिल्या खेपेचे आमचे घन 28 दिवसांच्या चाचणीत अपेक्षित ताकदीपेक्षा बरेच खाली आले होते. आकडे तसेच अहवालात घालून पुढे जावं, असं गटात ठरत होतं. मी वाळूची चाळणी चाचणी पुन्हा केली, तेव्हा बारीक भुकटी जास्त असल्याचं दिसलं. त्या भुकटीमुळे पाणी जास्त लागलं होतं. वाळू धुऊन आपल्या परवानगीने घन पुन्हा ओतले आणि दोन्ही खेपांचे आकडे अहवालात दिले. दुसरी गोष्ट म्हणजे, घन ओतणं आणि चाचण्या हे काम माझ्याकडे होतं. अहवालाचं लेखन मात्र गटातल्या दुसऱ्या दोघांनी केलं होतं.

आपण होकार दिलात, तर अर्जात आपलं नाव आणि कॉलेजचा ई-मेल पत्ता भरीन. त्यानंतर प्रत्येक विद्यापीठाकडून आपल्याला एक लिंक येईल, पत्र तिथेच अपलोड करायचं असतं. मुदती 1 डिसेंबर, 15 डिसेंबर (दोन विद्यापीठं) आणि 15 जानेवारी अशा आहेत. बायोडेटा, गुणपत्रिका, प्रकल्प अहवाल, उद्देशपत्राचा कच्चा मसुदा आणि विद्यापीठांची यादी सोबत जोडली आहे. आपल्या सोयीच्या वेळी फोन करू किंवा कॉलेजात येऊन भेटू?

आपली विद्यार्थिनी,
(पूर्ण नाव, पीआरएन, मोबाइल क्रमांक)’

या ई-मेलमधली सर्वांत मोलाची जागा फसलेल्या घनांची आहे. ‘मी प्रामाणिक आहे’ असं ती कुठेही म्हणत नाही. काय घडलं ते सांगते आणि निष्कर्ष सरांवर सोडते. अहवाल दुसऱ्यांनी लिहिला, हेही ती सांगते. त्यामुळे नसलेलं श्रेय सरांच्या पत्रातून तिच्या नावावर जात नाही आणि बाकीच्या मजकुरावर त्यांना निर्धास्त विश्वास ठेवता येतो.

नकाराला ठेवलेली वाटही सौजन्यापुरती नाही. भीडेपोटी दिलेलं पत्र मोघम उतरतं आणि तसं पत्र अर्जाला उपयोगी पडत नाही. त्यापेक्षा वेळेवर आलेला नकार बरा, कारण दुसऱ्या सरांना विचारायला दिवस हातात राहतात. म्हणूनच मुदतीच्या सहा ते आठ आठवडे आधी लिहावं. आपल्याकडे याच काळात दिवाळीची सुट्टी, विद्यापीठाच्या परीक्षा आणि पेपर तपासणी एकामागोमाग येतात.

अडचण येते ती लिंकची. ती आपोआप पाठवली जाते, त्यामुळे अनेकदा स्पॅममध्ये जाऊन पडते. आपण वाट पाहत राहतो आणि सरांना पत्ताच नसतो. लिंक पाठवली त्याच दिवशी सरांना कळवावं आणि अर्जाच्या पानावर पत्र जमा झालं का ते पाहत राहावं. मुदतीच्या दहा दिवस आधी दोन ओळींची आठवण पुरते. पत्ता शक्यतो कॉलेजचा द्यावा, कारण खासगी पत्त्यावरून आलेल्या पत्राबद्दल विद्यापीठ शंका घेऊ शकतं. अर्जात आणखी एक प्रश्न असतो: हे पत्र पाहण्याचा हक्क तुम्ही सोडता का? अमेरिकेतल्या 1974 च्या ‘फेर्पा’ कायद्याने विद्यार्थ्याला आपल्या नोंदी पाहण्याचा हक्क दिला आहे. पत्राच्या बाबतीत तो सोडणं ऐच्छिक असतं, पण बहुतेक अर्जदार सोडतात, कारण गुप्त राहिलेलं पत्र अधिक मोकळं मानलं जातं.

कधी कधी सर म्हणतात, ‘मजकूर तूच लिहून आण, मी सही करतो.’ हे आपल्याकडे सर्रास चालतं, पण ते टाळावं. तिन्ही पत्रं एकाच हाताने लिहिली की वाक्यांची धाटणी सारखी येते आणि रोज अशी पत्रं वाचणाऱ्यांच्या ते लक्षात येतं. पत्र शिफारस करणाऱ्यानेच लिहिलेलं असावं, अशी काही विद्यापीठांची स्पष्ट अट असते. ती मोडल्याचं दिसलं तर अर्ज बाद होऊ शकतो. अशा वेळी नम्रपणे म्हणावं, ‘सर, मजकूर आपलाच असावा असा नियम आहे, मी मुद्दे काढून देते.’ मग एका पानावर प्रकल्पाच्या तारखा, आपला वाटा, आकडे आणि सरांनी तेव्हा दिलेल्या सूचना लिहून द्याव्यात. सरांचंही काम हलकं होतं आणि शब्द त्यांचेच राहतात.

ई-मेल पाठवण्याआधी तो एकदा सरांच्या जागी बसून वाचावा. ही कोण, हिने काय केलं, पत्र कुठे आणि कधीपर्यंत द्यायचं, यातलं काहीही उलट विचारावं लागणार असेल, तर ते उत्तर आधीच ई-मेलमध्ये घालावं. आणि निकाल लागला की तो सरांना कळवावा, प्रवेश मिळो वा न मिळो. ज्यांनी आपल्यासाठी शब्द टाकला, त्यांना पुढे काय झालं हे आपल्याचकडून कळायला हवं.